श्रेय द्यायला टॅग लागतोच असं नाही

«आमची हौशी नाट्यसंस्था आहे. संस्थेचं इन्स्टाग्राम मी बघते आणि तीच पोस्ट फेसबुकवर माझ्या स्वतःच्या खात्यावरून टाकते. गेल्या महिन्यात एकांकिकेचा प्रयोग झाल्यावर शेवटचा ग्रुप फोटो टाकला. टीममधल्या सोळा जणांना, तालमीला हॉल देणाऱ्या काकांना आणि दोन ज्येष्ठ रंगकर्मींना टॅग केलं, खाली लिहिलं, ‘आणि आमची संपूर्ण बॅकस्टेज टीम’. तर प्रकाशयोजना करणाऱ्याने गुपचूप स्वतःचा टॅग काढून टाकला. रंगभूषेच्या ताई आठवडाभर बोलल्या नाहीत. एका मुलीच्या घरी नाटकाचं कळलं आणि घरात रामायण झालं. काका म्हणाले, ‘मला कशाला मध्ये घेतलंस?’ ज्येष्ठांपैकी एकांचा मेसेज आला, ‘कृपया यापुढे मला टॅग करू नये.’ मी सगळ्यांना मान द्यायलाच गेले होते. आता टॅग करणंच बंद करू का?
— पेज सांभाळणारी, नाशिक»

बंद नका करू, पण श्रेय आणि टॅग यांची गाठ आधी सोडवा. नाटकवाल्यांना हे इतरांपेक्षा सोपं जायला हवं, कारण श्रेय कसं द्यायचं याची पक्की रीत तुमच्याकडे आहेच. स्पर्धेच्या प्रवेशिकेत, छापील पत्रिकेत, पडदा उघडण्याआधीच्या उद्घोषणेत ‘नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक’ एवढंच असतं. नाव आणि काम. ते ऐकून कोणी त्या माणसाच्या घरापर्यंत जात नाही, आणि त्यालाही उठून उत्तर द्यावं लागत नाही.

टॅग त्याच एका बोटाच्या हालचालीत आणखी दोन कामं उरकतो. तो त्या माणसाच्या फोनवर घंटी वाजवतो, म्हणजे आता त्याने बघावं, लाइक करावं, दोन शब्द लिहावेत अशी अपेक्षा तयार होते. आणि पोस्ट वाचणाऱ्याला तो थेट त्याच्या खात्याच्या दारात नेऊन उभा करतो. तुमच्या पाचही तक्रारी बघा. रंगभूषेच्या ताईंना पहिली गोष्ट हवी होती, ती मिळाली नाही. बाकी चौघांना दुसरी किंवा तिसरी नको होती, ती न विचारता मिळाली.

इन्स्टाग्रामवर एखाद्याला पोस्टमध्ये आणायच्या चार वाटा आहेत आणि चारींचं वजन वेगळं आहे. फोटोवर बोट ठेवून केलेला टॅग सगळ्यात जड. ती पोस्ट त्या माणसाच्या प्रोफाइलवर टॅग झालेल्या फोटोंच्या कप्प्यात जाऊन बसते. खातं सार्वजनिक असेल तर उद्या त्याचं प्रोफाइल उघडणाऱ्या कोणालाही, अगदी नोकरीसाठी चौकशी करणाऱ्यालाही, तुमचा ग्रुप फोटो तिथे दिसतो. मजकुरात @ लावून केलेला उल्लेख त्या मानाने हलका. त्याला सूचना जाते, नावावर टिचकी मारली की खातं उघडतं, पण त्याच्या प्रोफाइलवर काही चिकटत नाही. स्टोरीतला उल्लेख एका दिवसात नाहीसा होतो, मात्र तो त्याच्या मेसेजमध्ये जाऊन पडतो आणि सोबत ‘तुमच्या स्टोरीत टाका’ असं बटण येतं. दिसायला हलका, पण दबाव यातच जास्त, कारण त्याने पुढे टाकली की नाही हे सगळ्यांना दिसतं. चौथी वाट `Invite collaborators` ची. यात समोरच्याने होकार दिल्यावरच पोस्ट त्याच्याही पानावर येते, आणि लाइक-कमेंट दोघांच्या सामायिक राहतात. परवानगी इथे रचनेतच बांधलेली आहे. पण ही वाट सहनिर्मात्यासाठी ठेवा, म्हणजे दिग्दर्शक, लेखक किंवा सहयोगी संस्था. सोळा जणांच्या टीमसाठी ती नाही.

पाचवी वाट म्हणजे नुसतं नाव लिहायचं, देवनागरीत, बिनदुव्याचं. तिला कोणी मोजत नाही, कारण त्यासाठी बटण नाही. तुमचं नव्वद टक्के काम तिनेच होणार आहे.

फेसबुकचा स्वभाव आणखी वेगळा. स्वतःच्या खात्यावरून ‘मित्रांसाठी’ म्हणून टाकलेल्या पोस्टमध्ये कोणाला टॅग केलं की त्या माणसाचे मित्रही प्रेक्षकांत येऊन बसतात. त्या मुलीच्या घरी बातमी नेमकी कशी गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मामेभाऊ, काकू, शेजारची वहिनी यांच्यापर्यंत पोस्ट पोचायची सरळ वाट हीच. तुम्ही दीडशे ओळखीच्यांसाठी टाकलेली गोष्ट सोळा टॅगांमुळे सोळा कुटुंबांच्या गोतावळ्यात जाते. आणि तिने आपल्या खात्यावर ‘टॅग झालेल्या पोस्ट आधी मला दाखव’ ही सेटिंग लावून ठेवली असती तरी पुरतं भागलं नसतं. त्या सेटिंगने पोस्ट तिच्या स्वतःच्या टाइमलाइनवर येण्याआधी थांबते, पण तुमच्या पोस्टवर, शोधात आणि इतरांच्या फीडमध्ये ती दिसू शकते. म्हणून ‘ज्याला नको त्याने सेटिंग बदलावी’ हे उत्तर अपुरं आहे. पोस्ट टाकणाऱ्याच्या हातात जेवढं असतं तेवढं टॅग होणाऱ्याच्या हातात नसतं.

आता एकेकाकडे येऊ.

रंगभूषेच्या ताई राहिल्या त्या विसरभोळेपणाने नव्हे, यादी चुकीच्या टोकाकडून केल्यामुळे. असं होतं, की आपण @ टाइप करतो, अॅप नावं सुचवत जातं, आपण टिचक्या मारत जातो, आणि ज्यांचं खातंच नाही किंवा ज्यांचं खातं भलत्याच इंग्रजी नावाने आहे ते आपोआप गळतात. रंगभूषा, कपडेपट, नेपथ्याची ने-आण, हे करणारे बहुधा वयाने मोठे असतात आणि इन्स्टाग्रामवर नसतात. अॅपने त्यांना सुचवलं नाही की ते श्रेयातून बाहेर. वर ‘संपूर्ण बॅकस्टेज टीम’ हे शब्द. स्टेजवरच्यांना नाव आणि मागच्यांना समूहवाचक नाम, हे बॅकस्टेजच्या माणसाला लगेच बोचतं. यापुढे यादी स्पर्धेच्या प्रवेशिकेवरून किंवा पत्रिकेच्या मजकुरावरून करा, आधी सगळी नावं देवनागरीत लिहून काढा, आणि मगच कोणापुढे दुवा जोडायचा ते बघा.

यादीतल्या कामांचे शब्दही नेमके हवेत. प्रकाशयोजना आखणारा आणि प्रयोगाच्या वेळी बोर्डवर बसून ती चालवणारा ही दोन माणसं असतील तर ‘प्रकाशयोजना’ आणि ‘प्रकाश संचालन’ असं वेगळं लिहा. नेपथ्याची कल्पना एकाची, फळ्या ठोकल्या दुसऱ्याने, तर ‘नेपथ्य’ आणि ‘नेपथ्य निर्माण’. पार्श्वसंगीत रचणारा आणि लॅपटॉपवरून ते नेमक्या क्षणी सोडणारा यांचंही तेच. आपण काय केलं ते बरोबर लिहिलंय, एवढं दिसलं तरी माणसाचं निम्मं समाधान होतं, आणि त्यासाठी त्याच्या खात्याची गरज पडत नाही. खातं नसलेल्यांना पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर वेगळा पाठवा, त्यांच्या नावाची ओळ दिसेल असा. लिंक पाठवून उपयोग नाही. खातं नसलेल्याला इन्स्टाग्राम मध्येच लॉगिन करा म्हणून अडवतं.

प्रकाशयोजनावाल्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याने टॅग का काढला हे त्यालाच विचारा, पण फोटो डोळ्यांसमोर आणा. शेवटचा ग्रुप फोटो म्हणजे सगळे दिवे पूर्ण तेजात, प्रेक्षागृहाचेही दिवे लागलेले, आणि मोबाइलने सगळ्यांचे चेहरे चुन्यासारखे पांढरे केलेले. म्हणजे ज्या एकमेव फोटोत त्याचं काम अजिबात नाही, त्यावर तुम्ही त्याचं नाव डकवलंत, आणि तो फोटो त्याच्या प्रोफाइलवरच्या टॅगच्या कप्प्यात जाऊन बसला. तिथे तो कदाचित पुढचं काम देणाऱ्या माणसांना आपले नमुने दाखवत असेल. तुम्ही श्रेय दिलंत आणि त्याला वाटलं, हे माझं काम म्हणून कोणी बघू नये.

यावर उपाय आहे. एकाच पोस्टमध्ये अनेक फोटो टाकता तेव्हा प्रत्येक फोटोवर वेगवेगळ्या माणसांना टॅग करता येतं. ज्या प्रवेशात खिडकीतून तिरपा उजेड जमिनीवर पडतो तो फोटो त्याला स्वतः निवडू दे, त्यावर त्याला टॅग करा, आणि टॅगचा ठिपका नटाच्या चेहऱ्यावर न ठेवता त्या उजेडाच्या पट्ट्यावर ठेवा. नेपथ्यकाराचा ठिपका भिंतीवर, वेशभूषेचा साडीच्या काठावर. बघणारा ठिपक्यावर बोट ठेवतो तेव्हा हा उजेड कोणाचा हे त्याला कळतं. ग्रुप फोटोवर सोळा ठिपके म्हणजे नुसती चेहऱ्यांवरची गोवर. तसंही इन्स्टाग्राम एका पोस्टवर वीसच जणांना टॅग करू देतं, आणि तुम्ही एकोणीस बसवले होते. टीम आणखी दोघांनी मोठी असती तर शेवटी कोणाला वगळायचं हे ठरवावं लागलं असतं, आणि ते बहुतेक बॅकस्टेजलाच लागलं असतं.

मुलीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. तिथे तुम्ही तीन गोष्टी एकत्र उघड केल्यात: चेहरा, नाव आणि खातं. या तिन्हींची परवानगी वेगवेगळी असते. एखादीला पत्रिकेत नाव चालतं पण इंटरनेटवर नको असतं. एखादीला चेहरा चालतो, पण खात्याचा दुवा नको, कारण त्यातून अनोळखी लोक मेसेज करतात. एखाद्याने ऑफिसात तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतलेली असते आणि प्रयोगाचा दिवस तोच असतो. कारण काहीही असो, ते तुम्हाला कळायची गरज नाही. फक्त ‘नको’ म्हणायची जागा त्यांना आधीच मिळायला हवी.

ही जागा ग्रुपवर मिळत नाही. संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘सगळ्यांना टॅग केलं तर चालेल ना?’ असं विचारलंत की पाच मिनिटांत बारा अंगठे येतात, आणि तेराव्याला गप्प बसण्यावाचून इलाज उरत नाही. प्रत्येकाला वेगळा मेसेज करा. सोळा मेसेज म्हणजे फार तर वीस मिनिटं. मजकूर साधारण असा:

«प्रयोगाचे फोटो रविवारी टाकायचे आहेत. श्रेयात तुमचं नाव ‘रंगभूषा – (पूर्ण नाव)’ असं लिहितेय, बरोबर ना? खातं जोडू, नुसतं नाव लिहू, की या वेळी नावही नको, कसंही चालेल आणि कारण सांगायची गरज नाही. तुमचा चेहरा दिसतो तो फोटो सोबत पाठवलाय, तो चालेल का तेही सांगा. शनिवारी रात्रीपर्यंत कळवा. काही कळलं नाही तर पत्रिकेत आहे तसं नुसतं नाव लिहीन आणि तो फोटो वापरणार नाही.»

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. उत्तर आलं नाही तर काय होईल ते आधीच सांगितलेलं असतं, आणि जे होईल ते सगळ्यात कमी उघड करणारं असतं. न कळवणाऱ्याला गृहीत धरून टॅग करायचं आणि मग ‘सांगितलं असतंस तर काढला असता’ म्हणायचं, ही सोय पोस्ट टाकणाऱ्याची, टॅग होणाऱ्याची नव्हे. फोटो सोबत पाठवायला विसरू नका. ‘फोटो टाकू का?’ याला सगळे हो म्हणतात. नेमका कुठला फोटो, हे बघून म्हटलेला हो खरा. आणि हा हो त्या एका नाटकापुरता धरा. पुढच्या नाटकाला पुन्हा विचारा, कारण मधल्या काळात नोकरी बदलते, लग्न ठरतं, माणसं खाती बंद करतात.

एक गोष्ट तिला स्पष्ट सांगा. तुम्ही तिचं नाव गाळलंत तरी स्पर्धेचे आयोजक, वर्तमानपत्र किंवा सहकलाकार ते टाकू शकतात. बक्षीस मिळालं तर टाकतीलच. सहकलाकारांना तुम्ही विनंती करू शकता, आयोजकांवर तुमचा ताबा नाही. हे आधी माहीत असेल तर काय पत्करायचं ते तिचं तिला ठरवता येतं.

तालमीच्या स्टोऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या टाकत असणारच, म्हणून ओघात सांगतो. ‘रोज सात ते दहा, चला तालमीला’ असं लिहून, हॉलचं ठिकाण जोडून, चार मुलींना टॅग केलं की त्या चौघी रात्री दहा वाजता कुठून बाहेर पडतात याचं वेळापत्रक तुम्ही जाहीर करता. स्टोरी तालीम संपून सगळे घरी पोचल्यावर टाका, ठिकाण म्हणून नुसतं शहर लिहा, आणि हॉलची पाटी चौकटीत येत नाही ना ते बघा. नाटकात लहान मुलं असतील तर नुसतं पहिलं नाव, शाळेचा उल्लेख नाही, गणवेशातला फोटो नाही, आणि आईवडिलांचा टॅगसुद्धा त्यांनी सांगितलं तरच.

हॉलवाल्या काकांचं सोपं आहे. सार्वजनिक आभार मानले की माणूस सुखावतो असं आपण धरून चालतो. पण फुकट किंवा सवलतीत जागा देणाऱ्याला टॅग केलं की तुमच्यासारख्या आणखी चार संस्थांना त्यांचा पत्ता मिळतो. हॉल सोसायटीचा किंवा ट्रस्टचा असेल तर ‘यांना कोणी परवानगी दिली?’ असा प्रश्न काकांना बैठकीत येऊ शकतो. आभार मानायच्या आधी त्यांना दोन गोष्टी विचारा: आभार जाहीर हवेत की नकोत, आणि हवे असतील तर त्यांच्या नावाने की जागेच्या नावाने. ‘विनामूल्य’ हा शब्द तर त्यांनी सांगितल्याशिवाय लिहूच नका. देणगीदारांच्या रकमांचंही तसंच. नको म्हणाले तर पेढे घेऊन घरी जा, ते आभार कोणाच्या फीडमध्ये जात नाहीत.

ज्येष्ठांच्या बाबतीत आमचं मत थोडं कडक आहे. त्यांचा या एकांकिकेत हात नव्हता, मग तो टॅग श्रेयाचा नव्हताच. तो होता ‘आमच्याकडे बघा’चा. जाहीर सभेत एखाद्याचं नाव घेऊन ‘आता आपण दोन शब्द बोलावेत’ म्हणण्यासारखं ते. ते बोलले नाहीत तर आखडू, बोलले तर उद्या आणखी दहा संस्थांचे टॅग. शिवाय वाचणाऱ्याला वाटतं की त्यांचा या नाटकाला पाठिंबा आहे. ‘मार्गदर्शन’ हा शब्दही असाच जपून वापरा. चहाच्या टपरीवर एकदा संहितेबद्दल बोलणं झालं म्हणजे ते मार्गदर्शन होत नाही, आणि ज्यांचं नाव त्या शब्दाखाली येतं त्यांच्यावर नाटकाच्या बऱ्यावाईटाचा वाटा येतो. त्यांनी स्वतः मान्य केलं असेल तरच लिहा. प्रयोगानंतर आत येऊन कोणी ‘छान झालं’ म्हणालं असेल, तर ते वाक्य त्यांच्या नावासह छापायलाही विचारावं लागतं. ग्रीनरूममध्ये कौतुक करताना माणूस सैल बोलतो.

त्यांनी नाटक बघावं असं वाटत असेल तर खासगी निरोप पाठवा. तारीख, वेळ, नाट्यगृह, एकांकिका किती मिनिटांची आहे, आणि ‘जमलं नाही तरी काही नाही, उत्तर नाही दिलंत तरी चालेल’. परीक्षकांना तर निकाल लागेपर्यंत कुठेच टॅग करू नका. तुमचा हेतू शुद्ध असला तरी दुसऱ्या संघाला तो लांगूलचालनासारखा दिसतो, आणि अडचणीत परीक्षक येतात.

हे सगळं धरून तुमच्या त्याच पोस्टचा मजकूर पुन्हा लिहिला तर असा होईल. कंसांच्या जागी नावं घाला:

«काल ‘(एकांकिकेचं नाव)’चा प्रयोग झाला.
लेखन: (पूर्ण नाव)
दिग्दर्शन: (पूर्ण नाव) @…
नेपथ्य: (पूर्ण नाव), नेपथ्य निर्माण: (दोन नावं)
प्रकाशयोजना: (पूर्ण नाव) @…, प्रकाश संचालन: (नाव)
पार्श्वसंगीत: (नाव), ध्वनी संचालन: (नाव)
रंगभूषा: (पूर्ण नाव)
वेशभूषा: (नाव)
रंगमंच व्यवस्था: (तीन नावं)
कलाकार: (प्रवेशक्रमाने नावं)
छायाचित्रं: (नाव) @…
तालमीसाठी जागा: (ज्या नावाने सांगितली त्या नावाने)»

फोटो पाच. दुसऱ्या फोटोवर प्रकाशयोजनाकाराचा टॅग, तिसऱ्यावर नेपथ्यकाराचा, आणि ग्रुप फोटो शेवटी, कोणालाही टॅग न करता. एकोणीस टॅगांच्या जागी दोन टॅग आणि तीन उल्लेख, आणि श्रेय मात्र पहिल्यापेक्षा पूर्ण. नाव आधी देवनागरीत आणि दुवा त्याच्या पुढे, असा क्रम ठेवा. नुसत्या इंग्रजी हँडलवरून आजीला नातवाचं नाव वाचता येत नाही. लेखकाचं नाव पहिलं, त्यांना टॅग नको असला तरीही. फोटो काढणाऱ्याने कोपऱ्यात आपलं नाव घातलं असेल तर फोटो कापताना ते उडालं नाही ना ते बघा. त्यावरून होणारी भांडणं टॅगवरून होणाऱ्यांपेक्षा लांबतात. आणि प्रत्येक हँडल उघडून, फोटो बघून मगच जोडा. एकाच नावाची पाच माणसं असतात आणि अॅप सुचवतं ते पहिलं नाव तुमच्याच ओळखीचं असेल असं नाही.

कोणाचं उत्तर उशिरा आलं तर घाई करू नका. नुसत्या नावांची पोस्ट आज टाका, होकार आला की संपादन करून टॅग नंतर जोडता येतो, सूचना तेव्हाही जाते. उलटं करता येत नाही. आधी टॅग करून मग काढला तर वाजलेली घंटी परत घेता येत नाही, आणि मधल्या दोन तासांत घेतलेले स्क्रीनशॉटही.

जुनी पोस्ट आजच दुरुस्त करा. मुलीचा टॅग दोन्हीकडून काढा. फोटोही नको असं ती म्हणाली तर इन्स्टाग्रामवर पोस्ट `Archive` करा. ती लोकांना दिसेनाशी होते, पण लाइक-कमेंटसह तुमच्याकडे राहते, म्हणून मिळालेली दाद गेली याची हळहळ नको. फेसबुकवरची सरळ काढून टाका. मात्र खाली ‘टॅग काढला आहे, क्षमस्व’ अशी कमेंट लिहू नका. काय लपवलंय याची पाटीच लावल्यासारखं होतं ते. पोस्ट ठेवणार असाल तर ‘संपूर्ण बॅकस्टेज टीम’ खोडून तिथे वरच्यासारखी नावं घाला आणि रंगभूषेच्या ताईंना फोन करा. त्यांच्यासाठी वेगळी माफीची पोस्ट नको. त्या रुसल्या होत्या हे ज्यांना माहीत नाही त्यांनाही ते कळेल.

प्रकाशयोजनावाल्याला पुन्हा टॅग करू नका. `Remove me from post` हे बटण त्याने दाबलं म्हणजे उत्तर दिलंच आहे. ‘पुढच्या वेळी फोटो तू निवड, टॅग हवा की नको तेही सांग’ एवढं बोला. टीममध्ये ज्यांना कोणाच्याच पोस्टवर आपोआप यायचं नसेल त्यांना इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये `Tags and mentions` खाली `Manually approve tags` दाखवून द्या. पुढच्या तालमीला पाच मिनिटांचं काम आहे.

राहिले ते ज्येष्ठ. त्यांचा टॅग काढा आणि दोन ओळी लिहा: «टॅग काढला आहे. न विचारता केला, चुकलं, पुन्हा होणार नाही.» खाली पुढच्या प्रयोगाची तारीख लिहू नका.